मी समलिंगी आहे, हे आई-वडिलांना पत्रातून कसं सांगावं

माझं गाव सांगली जिल्ह्यात. अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतात, आई घरी ब्लाउज शिवते. मी सव्वीस वर्षांचा असताना, जुलैतल्या एका शनिवारी सकाळी, मी दोघांच्या हातात एक पत्र दिलं. मी समलिंगी आहे, हे त्यात लिहिलं होतं. पहिला मसुदा चौदा पानांचा झाला होता. दिलं ते पत्र अडीच पानांचं होतं. मधल्या पाच महिन्यांत काय खोडलं, काय ठेवलं आणि का, ते इथे लिहितो. तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं आणि काही चुका मी केल्या, त्या तुम्ही तरी करू नका.

पत्रच का? कारण समोरासमोर बसलं की दुसऱ्याच वाक्याला कुणीतरी मध्ये बोलतं. आई रडायला लागते, वडील रागाने काहीतरी बोलून जातात, आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घेणं आपल्याकडच्या बापाला फार जड जातं. पत्र वाचताना त्यांच्यासमोर कुणी नसतं. राग आला तरी तो कागदावर निघतो. आणि पत्र पुन्हा वाचता येतं. माझ्या आईने ते किती वेळा वाचलं, हे मला नंतर घड्यांवरून कळलं.

१. आधी आपली जमीन बघा

पत्र लिहिण्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर स्वतःला द्या : घरच्यांनी उद्या सहा महिने तोंड पाहायचं नाही असं ठरवलं, तर तुम्ही कुठे राहाल आणि काय खाल? फी घरून येत असेल, शेवटचं वर्ष बाकी असेल, तर थांबा. थांबणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मी नोकरी लागल्यावर दोन वर्षं थांबलो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

मुलींनी तर हे आणखी कसून बघावं. मुलाला घराबाहेर काढण्याची भीती असते, मुलीच्या बाबतीत उलटं होतं. फोन काढून घेतात, नोकरी सोडायला लावतात आणि महिन्याभरात लग्न उरकायच्या मागे लागतात. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला तिच्या मर्जीविरुद्ध कोंडून ठेवता येत नाही आणि तिचं लग्नही लावता येत नाही. पण कायदा घरापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून घरात मारहाणीचा इतिहास असेल, तर पत्र घराबाहेर सुरक्षित जागी राहायला गेल्यावरच पाठवा. अडचणीत पोलिसांचा क्रमांक ११२ आणि महिला मदतवाहिनीचा १८१ लक्षात असू द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पत्र देण्याच्या दिवशी पुढच्या गोष्टी तुमच्या ताब्यात असाव्यात, घरच्या कपाटात नव्हे :

- आधार, पॅन, पासपोर्ट असल्यास तो, आणि दहावीपासूनच्या मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रं
- फक्त तुमच्या नावाचं बँक खातं, ज्याचं एटीएम कार्ड आणि ओटीपीचा फोन तुमच्याकडेच आहे
- निदान तीन महिन्यांच्या भाड्याचे आणि जेवणाचे पैसे
- त्या रात्री राहता येईल असं एक घर, आणि त्या घरातल्या माणसाला आधीच दिलेली कल्पना

गुणपत्रिका मी 'कंपनीत मूळ कागद दाखवायचे आहेत' असं सांगून दोन महिने आधी नेल्या. लागल्या नाहीत. पण त्या हाताशी होत्या म्हणून पत्र भीतीपोटी लिहिलं गेलं नाही.

२. आधी एका माणसाला सांगा

पत्र दिल्यानंतर आई-वडील एका खोलीत अडकतात. ज्या बहिणीजवळ, मैत्रिणीजवळ आई मन मोकळं करते, तिलाही हे सांगता येत नाही. म्हणून पत्र देण्याआधी नात्यातल्या एका माणसाला सांगून ठेवा. त्यांना विश्वासाने बोलता येईल असं आणि बातमी पुढे न नेणारं माणूस हवं. माझ्यासाठी ती माझी मामेबहीण होती. ती कोल्हापूरला शिक्षिका आहे आणि आई तिचं ऐकते.

माणूस निवडताना मी एक जुनी गोष्ट आठवून पाहिली. चार वर्षांपूर्वी तिच्या नणंदेच्या घटस्फोटाची बातमी तिला सगळ्यात आधी कळली होती आणि आमच्या घरात ती सगळ्यात शेवटी आली. तेवढं मला पुरलं. उलट, कितीही जवळचा असला तरी ज्याच्याकडून तुम्हाला दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी कळतात, त्याला सांगू नका.

पत्राचा मसुदाही तिनेच वाचला. चौदा पानं वाचून ती म्हणाली, "अरे, हे तू स्वतःसाठी लिहिलंयस. आत्या दुसऱ्या पानावरच थांबेल." आणि ते खरं होतं.

३. शब्द ठरवा

इथे मला सर्वांत जास्त वेळ लागला. आपल्या आई-वडिलांच्या कानावर या विषयाचे जे शब्द पडलेत, ते एक तर शिव्या आहेत किंवा बातम्यांतले आहेत. 'गे' हा शब्द माझ्या आईने फक्त टीव्हीवर ऐकला होता, तोही कुणाची तरी चेष्टा चालू असताना. 'समलैंगिक' बरोबर आहे, पण त्यातला 'लैंगिक' हा तुकडा आई-वडिलांसमोर उच्चारला की पुढचं काही ऐकूच जात नाही. त्यांच्या डोक्यात थेट शरीरसंबंधाचं चित्र उभं राहतं. मी 'समलिंगी' निवडला, तो एकदाच वापरला आणि लगेच साध्या भाषेत त्याचा अर्थ सांगितला.

एक गोंधळ आधीच दूर करा. बऱ्याच आई-वडिलांना समलिंगी आणि तृतीयपंथी यांतला फरक माहीत नसतो. मी हे पत्रात लिहायला विसरलो. चौथ्या दिवशी आईचा फोन आला आणि तिने दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे तू आता साडी नेसणार का रे?" चार दिवस ती तेच चित्र डोळ्यांसमोर घेऊन झोपत होती. पुन्हा लिहायची वेळ आली तर मी एवढं नक्की घालेन : 'मी पुरुष आहे आणि पुरुष म्हणूनच राहणार आहे. तृतीयपंथी माणसं वेगळी, त्यांचं आयुष्य वेगळं आणि तेही मानाचंच आहे. माझी गोष्ट एवढीच की मला प्रेम पुरुषाबद्दल वाटतं.' मधलं वाक्य गाळू नका. स्वतःला वाचवायला दुसऱ्याला खाली ढकलायचं नाही.

तुम्ही आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणत असाल, तर एकाच पत्रात दोघांशी बोलताना वाक्यं अडखळतात. मी सगळीकडे 'तुम्ही दोघं' धरून लिहिलं आणि शेवटी दोघांसाठी दोन वेगळ्या ओळी ठेवल्या. 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार' मी एका मसुद्यात घातले होते, पण ते शाळेतल्या पत्रलेखनासारखं दिसायला लागलं. घरात जशी हाक मारता तसंच सुरू करा.

४. पहिल्या पाच ओळी

वयात आलेलं लेकरू हातात बंद पाकीट देतं, तेव्हा आई-बापाच्या मनात पहिली शंका येते ती जीवाचं काही बरंवाईट करण्याची. दुसरी कर्जाची, तिसरी आजाराची. त्यामुळे 'मला माफ करा', 'हे वाचाल तेव्हा मी इथे नसेन', 'आता सहन होत नाही' असली वाक्यं सुरुवातीला येता कामा नयेत. माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात नेमकी तशीच होती. मामेबहिणीने त्यावर बोट ठेवलं आणि मी तो कागद फाडला.

सुरुवात मी अशी केली :

> आई, अण्णा,
>
> हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचा. माझी तब्येत चांगली आहे. नोकरी व्यवस्थित चालू आहे, कर्ज नाही, कुणाशी भांडण नाही. संध्याकाळी मी घरी येतोय, जेवायला आहे. एक गोष्ट मी बारा वर्षं तुमच्यापासून लपवली, ती आज सांगतोय.
>
> मी समलिंगी आहे. म्हणजे इतर मुलांना जशा मुली आवडतात, तसे मला पुरुष आवडतात. हे मला नववीत असताना कळलं. ते बदलेल म्हणून मी खूप वाट पाहिली. ते बदललं नाही, आणि बदलणारं नाही, हे आता मला नीट कळलंय.

मुख्य गोष्ट पहिल्या अर्ध्या पानात आली पाहिजे. तीन पानं प्रस्तावना केली तर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो आणि तो मधला मजकूर न वाचता शेवट शोधतो.

त्यानंतर त्यांनाही आठवत असेल असा एखादा प्रसंग लिहा. मी लिहिलं, 'गेल्या वर्षी मुलगी पाहायला जायच्या दिवशी मी पुण्याहून आलोच नाही. अण्णा, तुम्ही मला उद्धट म्हणालात. मला उद्धटपणा करायचा नव्हता. त्या मुलीच्या घरी बसून पोहे खायची माझी हिंमत झाली नाही.' असा एक प्रसंग पुरतो. वर्षभर अण्णांना जे कोडं पडलं होतं, त्याचं उत्तर त्यांना तिथे मिळालं.

५. ते विचारणार असलेले तीन प्रश्न

घर कुठलंही असो, हे तीन प्रश्न येतातच. त्यांनी विचारायची वाट पाहू नका, पत्रातच थोडक्यात उत्तर द्या.

*आमचं काय चुकलं?* हा प्रश्न आई तोंडाने विचारत नाही, मनात कुरतडत राहते. माझ्या आईने पुढे फोनवर विचारलं, "तू पोटात असताना मी काही वेडंवाकडं खाल्लं होतं का?" सव्वीस वर्षांपूर्वीचे डोहाळे ती आठवत बसली होती. पत्रात 'तुमचं काही चुकलेलं नाही' हे होतं, पण एकाच ओळीत. जरा सविस्तर लिहा : वसतिगृहात ठेवलं म्हणून, लाड केले म्हणून, मार दिला म्हणून, शहरात पाठवलं म्हणून हे होत नाही. त्यांच्या मनात येऊ शकणारी प्रत्येक शंका नावानिशी घ्या, तरच ती पुसली जाते.

*डॉक्टरकडे जाऊया का?* हा प्रश्न बहुधा वडिलांचा. इथे दोन गोष्टी ठामपणे सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलिंगी असण्याला आजारांच्या यादीतून काढलं. आणि असं आकर्षण 'बदलून देण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरच्या व्यवसायातलं गैरवर्तन आहे, असं भारतात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही गोळ्या, शॉक किंवा 'लग्न झालं की सगळं ठीक होतं' असा सल्ला देणारे आजही भेटतात. गावाकडे देवऋषीचा अंगाराही येतो.

इथे सरळ नकार दिलात तर वडिलांना वाटतं, हा काहीतरी लपवतोय. मी पत्रात लिहिलं : 'तुम्हाला डॉक्टरांशी बोलायचं असेल तर मी सोबत येईन. पण मानसोपचारतज्ज्ञ मी निवडेन, आणि आपण जाऊ ते मला बदलायला नाही, तुमच्या शंका विचारायला.' सप्टेंबरमध्ये आम्ही तिघे खरंच गेलो. मी आधी एकटा जाऊन त्या डॉक्टरांना भेटलो होतो आणि या बाबतीत त्यांची भूमिका काय, हे विचारून घेतलं होतं. ही पायरी चुकवू नका. अण्णांनी त्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "याला औषध आहे का?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजार नाही, तर औषध कशाला?" परतीच्या एसटीत अण्णा खिडकीबाहेर बघत बसले. पण डॉक्टरचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

*लग्नाचं काय? लोक काय म्हणतील?* इथे गोड बोलून वेळ मारून नेऊ नका. मी लिहिलं : 'मी मुलीशी लग्न करणार नाही. केलं तर एका निरपराध मुलीचं आयुष्य मी माझ्या हाताने खराब करेन, आणि ते पाप तुमच्याही माथी येईल.' हे वाक्य अण्णांना सर्वांत आधी पटलं, असं आई सांगते. 'सध्या लग्नाचा विचार नाही' असं लिहिलंत, तर त्यातल्या 'सध्या'वर ते पुढची पाच वर्षं काढतील.

कायद्याबद्दल दोन वाक्यं पुरे. मुलाला पोलीस धरतील, ही भीती वडिलांच्या मनात असते. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हापासून दोन सज्ञान व्यक्तींचं संमतीचं नातं गुन्हा नाही, एवढं लिहा. पुरुषा-पुरुषांचं लग्न आपल्याकडे कायद्याने लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने तो हक्क दिला नाही, तो विषय संसदेवर सोडला. हेही खरं तेच सांगा. पुढे त्यांना दुसरीकडून कळलं तर तुमच्या बाकीच्या शब्दांवरचा विश्वासही जातो.

६. 'वेळ द्या' म्हणजे नेमकं काय

पहिल्या मसुद्यात मी चार ठिकाणी 'मला समजून घ्या' लिहिलं होतं. समजून घ्या म्हणजे काय करायचं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आणि ती मागणी त्याच दिवशी पूर्ण होण्यासारखीही नसते. मला स्वतःला हे पचवायला नऊ-दहा वर्षं लागली होती. त्यांच्याकडून ते एका दुपारी कसं मागणार?

म्हणून संयमाची विनंती कामांत मोडा. कोणती गोष्ट करायची, कोणती थांबवायची आणि किती दिवस, ते लिहा. माझ्या पत्रातला तो भाग असा होता :

> तुम्हाला हे लगेच पटावं अशी माझी अपेक्षा नाही. राग येईल, रडू येईल, ते सगळं चालेल. मी फक्त दिवाळीपर्यंतचा वेळ मागतोय. तोवर चार गोष्टी करा.
>
> माझ्यासाठी स्थळ बघणं थांबवा. कुणी विचारलं तर 'त्याचं आत्ता नाही' एवढंच सांगा.
>
> हे कुणालाही सांगू नका, काकांनाही नाही. कधी आणि कुणाला सांगायचं ते आपण तिघं मिळून ठरवू. बोलावंसं वाटलं तर कोल्हापूरच्या ताईला माहीत आहे, तिला फोन करा.
>
> माझ्याशी या विषयावर बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नका. पण दर रविवारचा फोन बंद करू नका. पावसाचं बोलू, कारखान्याचं बोलू.
>
> मला घरी यायला मनाई करू नका. गणपतीला मी येणार आहे.

मुदत घालण्याने दोन्ही बाजूंना हायसं होतं. त्यांच्यावर आज उत्तर द्यायचं ओझं राहत नाही आणि तुम्ही रोज फोनकडे बघत बसत नाही. दिवाळी मी मुद्दाम निवडली, कारण घरातलं सगळं मोजमाप सणांनीच चालतं. 'नव्वद दिवस' लिहिलं असतं तर ती नोटीस वाटली असती.

वेळ मागितलात, तर तुम्हीही तो द्यायचा. या काळात त्यांना लेख, व्हिडिओ पाठवत राहू नका. मी आठव्या दिवशी आईला एक व्हिडिओ पाठवला. तिने तो पाहिला आणि पुढचे दोन रविवार फोन घेतला नाही. मामेबहिणीने सांगितलं, आईला वाटलं की मी तिची परीक्षा घेतोय.

७. पत्रातून काय काढावं

जोडीदार असेल तर त्याचं नाव, फोटो, पत्ता यात नको. पहिल्या रागात सगळा दोष त्याच्यावर जातो, 'त्याने बिघडवलं' म्हणून. कधीकधी माणसं त्याच्या घरी जाऊन धडकतात. त्याची ओळख नंतर, आणि त्याला विचारूनच.

जुने हिशोब नकोत. लहानपणी मार खाल्ला, शाळेत चिडवलं तेव्हा तुम्ही माझी बाजू घेतली नाहीत, हे सगळं खरं असेल. माझ्या चौदापैकी सहा पानं तीच होती. पण त्या पानांवरून आई-वडील एकच अर्थ काढतात : आमच्यामुळे झालं. मग पाचव्या भागातल्या तुमच्या उत्तराला काही किंमत राहत नाही.

'नाहीतर मी...' ने सुरू होणारं एकही वाक्य नको. आणि जीव द्यावासा वाटण्याबद्दलचं काही या पत्रात लिहू नका. तसे विचार मनात असतील तर पत्र बाजूला ठेवा आणि आधी बोला. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या विषयावर काम करतो, पुण्यात समपथिक ट्रस्टने हे काम केलं आहे. मुलांनी असं सांगितल्यावर पालकांनी पालकांशी बोलावं म्हणून 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' हा गट आहे. या गटाचं नाव मी पत्रात लिहिलं नाही, मामेबहिणीकडे देऊन ठेवलं. पहिल्याच दिवशी ते नाव हातात पडलं असतं, तर आपल्याला कुठल्या तरी गोटात ओढतायत असं त्यांना वाटलं असतं.

८. कधी आणि कसं द्यायचं

हाताने लिहा. व्हॉट्सॲपवरचा मजकूर एका बोटाने पुढे जातो आणि मग तो कुठे गेला, हे कुणालाच कळत नाही. टपालानेही नको. आमच्याकडे पोस्टमन घरात जो असेल त्याच्या हाती पाकीट देतो आणि एकत्र घरात ते कुणीही फोडतं. अक्षर मोठं काढा, ओळींमध्ये जागा सोडा. आईचा चष्मा शिवणकामाचा आहे, बारीक अक्षर तिला अण्णांकडून वाचून घ्यावं लागलं असतं. हे पत्र तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचणं मला गरजेचं वाटत होतं.

पत्राचा फोटो काढून ठेवा. वडिलांनी पहिल्या झटक्यात ते फाडलं, तर आईला पुन्हा देता येतं.

महिना विचार करून निवडा. गळीत हंगामात अण्णांना रात्रपाळ्या असतात आणि काट्यावर ट्रॅक्टरच्या रांगा, तेव्हा त्यांना स्वतःचं जेवण आठवत नाही. हंगाम संपला की लगीनसराई, तेव्हा रोज कुणीतरी पत्रिका घेऊन येतं आणि 'तुमच्याकडे कधी?' विचारतं. म्हणून आषाढी एकादशीनंतरचा आठवडा मी धरला. चातुर्मासात लग्नं नसतात, स्थळांचं बोलणं थंडावतं, पाहुण्यांची वर्दळ कमी होते. तुमच्या घरचं वेळापत्रक वेगळं असेल, पण ते मांडून बघा. घरात कुणी दवाखान्यात असताना, बहिणीचं लग्न ठरताना किंवा सणाच्या दिवशी नको. पुढे दर वर्षी तो सण आला की तीच आठवण येईल.

शनिवारी सकाळी दहा वाजता मी पाकीट दिलं आणि म्हणालो, "दोघांनी मिळून वाचा. मी मित्राकडे चाललोय, सातला येतो." समोर बसून राहिलात तर त्यांना तुमच्यासाठी चेहरा धरावा लागतो. आणि लगेच पुण्याला निघून गेलात तर टाकून गेल्यासारखं वाटतं. आठ-नऊ तासांचं अंतर बरं. सांगितलेल्या वेळेलाच परत या. त्या दिवशी उशीर करू नका, त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल याची कल्पना करा. मी सातला पाच मिनिटं कमी असताना दारात होतो आणि आई उंबऱ्यावर उभी होती.

९. नंतरचे दिवस

त्या रात्री कुणी काही बोललं नाही. आईने आमटी-भात वाढला, अण्णा शेताकडे जाऊन साडेनवाला आले. सकाळी निघताना आईने रोजच्यासारख्या चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि म्हणाली, "वेळेवर जेवत जा." मला तेव्हा वाटलं, पत्र वाया गेलं. आता कळतं की पहिल्या दिवशी याहून जास्त काही मिळत नाही.

अण्णा नंतर एकोणीस दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई मध्येच चिडायची, मध्येच रडायची, आणि ऑगस्टच्या शेवटी तर म्हणाली, "आपण हे कधी बोललोच नाही असं समजू." पुढे गेलेली गाडी अशी मागे येते. यात दचकायचं नाही आणि 'ठीक आहे, समजू' असंही म्हणायचं नाही. मी म्हणालो, "आई, तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण पत्रात लिहिलंय ते खरं आहे." हे वाक्य मी त्या तीन महिन्यांत पाच-सहा वेळा, आवाज न चढवता, तसंच्या तसं म्हटलं.

प्रश्न येतील तेवढ्याचंच उत्तर द्या. आईने जेवण विचारलं तर जेवणाचं सांगा, त्यात दुसरा विषय घुसवू नका. हाक मारून विचारतील तेव्हा मात्र टाळू नका.

गणपतीला गेलो तेव्हा आईच्या मशीनपाशी मापांची वही उघडी होती. गावातल्या बायकांच्या छातीची, बाहीची, उंचीची मापं ज्या वहीत असतात, त्यात माझं पत्र घडी घालून ठेवलं होतं. घड्यांवर कागद विरायला आला होता. 'तुमचं काही चुकलेलं नाही' या ओळीखाली तिने कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने रेघ ओढली होती. मी वही मिटून ठेवली.

दिवाळीत मावशी आली. फराळाला बसल्या बसल्या तिने मिरजेच्या एका मुलीचं नाव काढलं. मी ताटाकडे बघत होतो. आई चकलीचा डबा पुढे सरकवत म्हणाली, "त्याचं आत्ता नाही." अण्णांनी मावशीला पावसाचं विचारलं.

आज त्याला दीड वर्ष होतंय. अण्णा त्या विषयावर माझ्याशी थेट बोललेले नाहीत. मागच्या महिन्यात मात्र रविवारच्या फोनवर त्यांनी विचारलं, "खोलीवर तू एकटाच असतोस का अजून कोण असतं?" मी त्याचं नाव सांगितलं. थोडा वेळ पलीकडून फक्त कारखान्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "गावाकडचा आहे का?"

"हो, साताऱ्याकडचा."